कॉलवर मध्येच बोलणाऱ्या दादांना काय सांगावे?

«मी एका औषध वितरण कंपनीच्या पुण्यातील मुख्य कार्यालयात मालसाठ्याचे काम पाहते. दर सोमवारी सकाळी दहाला आमच्या चार डेपोंचा मिळून अर्ध्या तासाचा कॉल असतो. पुण्यातलेच एक सहकारी माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत. मी त्यांना दादा म्हणते. ते कॉलवर कोणालाच वाक्य पुरे करू देत नाहीत. गेल्या सोमवारी नागपूर डेपोची नवी मुलगी म्हणाली, "सिरपच्या त्या दोन बॅच आता स्टॉकिस्टकडे पाठवायच्या…" आणि क्षणभर अडखळली. दादा लगेच म्हणाले, "हो, हो, आजच पाठवा. पुढे कोण?" तिला म्हणायचे होते "पाठवायच्या नाहीत", कारण मुदत संपायला तीनच महिने उरले होते. कॉलवर असलेल्या गोदामवाल्यांनी दुपारीच माल काढला आणि शुक्रवारी स्टॉकिस्टचा रागाने फोन आला. दादा माझे वरिष्ठ नाहीत आणि माणूस वाईट नाही. वादही नको आहे आणि साहेबांकडे तक्रारही नको आहे. त्यांच्याशी नेमके कोणत्या शब्दांत बोलू?»
— एक वाचक, पुणे

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जवळजवळ जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे राहून गेलेला "नाहीत" हा शब्द. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो, त्यामुळे "पाठवायच्या" इथपर्यंतचे ऐकणे म्हणजे अर्थाच्या ऐन उंबरठ्यावरून परत फिरणे होय. "पैसे जमा झाले…", "तपासणी करून घ्यायला…", "मोजणी जुळत…" अशी वाक्ये तिथेच तुटली, तर पुढे "आहेत" होते की "नाहीत", हे ऐकणारा आपल्या मनाने भरतो, आणि तो बहुधा त्याला सोयीचे असेल तेच भरतो. दादांशी बोलताना तुमचा सगळा भर या एका शब्दावर ठेवा. मध्येच बोलणे हा उद्धटपणा आहे, असे म्हटलेत की चर्चा त्यांच्या स्वभावावर जाईल आणि तिथे तुम्हाला काहीच सिद्ध करता येणार नाही. एक शब्द ऐकायचा राहिला आणि त्यामुळे माल गेला, असे म्हटलेत तर ते नाकारण्याजोगे उरत नाही.

बोलण्याआधी आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण दादा पहिल्याच झटक्यात तिचा आधार घेतील. "ती थांबली होती" असे ते म्हणतील आणि त्यांच्या कानांपुरते ते खरेही असेल. माणसे समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर आश्चर्य वाटावे इतके थोडे असते; २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा भाषांतील संभाषणे तपासणाऱ्या एका अभ्यासात हो-नाही प्रकारच्या प्रश्नाला उत्तर मिळायला सरासरी सुमारे ०.२ सेकंद लागतात असे आढळले. म्हणजे आपण समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत नाही, ते कुठे संपणार याचा अंदाज बांधून आधीच तयार राहतो. समोरासमोर हा अंदाज चुकला, तर डोळे, ओठ आणि श्वास आपल्याला लगेच सावरून घेतात. कॉलवर मात्र आवाज पोचायलाच वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर ०.१५ सेकंदाच्या आत असेल, तर बहुतेक बोलण्यात तो जाणवत नाही. मोबाइल डेटावरून जोडलेला डेपो आणि कानात ब्लूटूथ हेडफोन असला, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

तुमच्याच सोमवारचा हिशेब मांडून पाहू. समजा, नागपूर ते पुणे आवाज पोचायला ०.३ सेकंद लागत होते. ती मुलगी "पाठवायच्या" म्हणून थांबली, त्या क्षणाला शून्य धरा. दादांना ती शांतता ०.३ ला ऐकू आली, त्यांनी आणखी ०.३ सेकंद वाट पाहिली, जी समोरासमोरच्या गप्पांत पुरेशी ठरली असती, आणि ०.६ ला ते बोलू लागले. इकडे मुलीने ०.७ ला "नाहीत" म्हणायला तोंड उघडले. दादांचा आवाज तिच्यापर्यंत ०.९ ला पोचला, म्हणजे तिच्या कानांच्या हिशेबाने तिने आधी सुरुवात केली आणि दादा मध्ये घुसले. तिचा आवाज दादांपर्यंत १.० ला पोचला, म्हणजे त्यांच्या कानांच्या हिशेबाने ते आधी बोलत होते आणि तीच मध्ये आली. दोघेही प्रामाणिक आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याने आपल्याला तोडले असे वाटते आहे. त्यात ती मुलगी लॅपटॉपच्या स्पीकरवरून बोलत असेल, तर आणखी एक गोम आहे: स्पीकरमधून येणारा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून घुमू नये म्हणून ही यंत्रणा तो दाबत असते, आणि दोघे एकदम बोलले की त्या दाबण्यात पुष्कळदा तिचा स्वतःचा आवाजही बारीक होतो किंवा तुटतो. तिने "नाहीत" म्हटले असेलही. ते पुण्यापर्यंत आलेच नसेल. नागपूरला एक साधा तारेचा हेडफोन पाठवण्याची व्यवस्था आजच करा, त्याला कोणाशीही बोलणी करावी लागत नाहीत.

मग दादांचा दोष कोणता? आवाज एकमेकांवर आले, हा नव्हे. ते आल्यानंतर त्यांनी काय केले, तो. कॉलवर ज्याला दुसऱ्याचे ऐकायचे असते तो अशा वेळी मागे सरतो आणि "बोल, बोल, तुझे पुरे कर" म्हणतो, दादा "पुढे कोण?" म्हणाले. येत्या कॉलमध्ये हीच कसोटी लावून ऐका. "हं", "बरोबर", "अच्छा" असे मध्ये येणारे शब्द हे बोलणाऱ्याला दिलेले उत्तेजन असते, ते तक्रारीत धरू नका. आपल्याकडे घरीदारी सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात आणि त्यात जिव्हाळाच असतो. "कोणती बॅच म्हणालीस?" असा मध्येच विचारलेला प्रश्नही सोडून द्या, कारण त्यानंतर बोलणे पुन्हा तिच्याकडेच जाते. ज्या वेळी बोलणे परत गेलेच नाही, तेवढेच शब्दशः टिपून ठेवा. अशी उदाहरणे तीन-चार मिळाली, तरी दादांपुढे एकच ठेवायचे आहे, आणि तुमच्याकडचे सिरपचे उदाहरण पुरेसे ठसठशीत आहे.

सोमवारी कॉल संपल्या संपल्या बोलू नका, तेव्हा दोघेही तापलेले असता. मंगळवारी किंवा बुधवारी, दोघेच असाल अशा ठिकाणी बोला. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवण्याचा मोह टाळा, कारण लिहिलेले वाक्य ते दहा वेळा वाचतील आणि प्रत्येक वेळी त्यांना त्यातला सूर अधिक कडक वाटेल. तुम्ही शब्द मागितले आहेत, म्हणून दादांची संभाव्य उत्तरे धरून सगळे संभाषणच लिहून देते.

तुम्ही: दादा, सोमवारच्या कॉलबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं. आत्ता जमेल, की जेवणानंतर बसू?

दादा: आत्ताच बोल की. काय झालं?

तुम्ही: नागपूरचा विषय चालू होता, तेव्हा ती "बॅच स्टॉकिस्टकडे पाठवायच्या" इथपर्यंत आली आणि तुम्ही "हो, हो, आजच पाठवा" म्हणालात. तिचं "नाहीत" राहून गेलं. ते मलाही ऐकू आलं नाही आणि गोदामालाही नाही.

दादा: अगं, ती थांबली होती. मला वाटलं, झालं तिचं बोलून.

तुम्ही: थांबली होती, हे खरं आहे. कॉलवर आवाज उशिरा येतो, त्यामुळे असं होतं. पण ती पुन्हा बोलायला लागली, तोवर आपण पुढच्या डेपोवर गेलो होतो.

दादा: तिने तुझ्याकडे तक्रार केली का?

तुम्ही: नाही. मी स्वतः कॉलवर होते, माझ्या कानांनी ऐकलं तेच सांगते आहे.

दादा: हे बघ, अर्ध्या तासात चार डेपो उरकायचे असतात. एकेक जण रेंगाळत बसला, तर तिथेच अकरा वाजतील.

तुम्ही: वेळेची अडचण आहेच, त्यावर आपण वेगळं बोलू. माझं मागणं एवढंच आहे, की डेपोचा माणूस बोलता बोलता थांबला, तर तुम्ही मनात "एक, दोन" म्हणून मगच बोलावं. आणि दोन आवाज एकदम आलेच, तर "नागपूर, तुझं पुरं कर" म्हणावं.

दादा: म्हणजे मी सगळ्यांना तोडतो, असं तुझं म्हणणं आहे?

तुम्ही: सगळ्यांचं मी बोलत नाही. मी या एका वाक्याचं बोलते आहे, कारण त्यामुळे माल गेला.

दादा: (थोडा वेळ थांबून) मला बोलताना कळत नाही गं. डोक्यात पुढचा डेपो असतो.

तुम्ही: कळावं म्हणून मी तुमच्या फोनवर फक्त डेपोचं नाव पाठवलं तर चालेल? "नागपूर" एवढंच.

दादा: सगळ्यांच्या ग्रुपवर नको.

तुम्ही: नाही, फक्त तुम्हाला.

दादा: बरं, करून बघू. पण कोणी विषय सोडून भरकटायलाच लागला, तर?

तुम्ही: तर त्याचं वाक्य संपल्यावर थांबवा. तेव्हा मीही तुमच्या बाजूने बोलेन.

हे सगळे सावकाश बोलले, तरी दोन-तीन मिनिटांत संपते आणि ते तेवढ्यातच संपायला हवे. यातली काही वाक्ये मुद्दाम तशी आहेत. सुरुवातीला "दादा, गैरसमज करून घेऊ नका हं" असे म्हणण्याची आपली सवय आहे. ते ऐकताच समोरचा माणूस गैरसमज करून घ्यायला सज्ज होतो. "लहान तोंडी मोठा घास घेते आहे" ही सुरुवातही नको, कारण पुढे येणारे मागणे त्या नम्रतेखाली इतके दबते, की दादा पाठीवर थाप मारून "असू दे, असू दे" म्हणतील आणि तुम्हालाही तेवढ्यावरच उठावे लागेल. तुम्ही त्यांना दादा म्हणता आणि अहो-जाहो करता, त्यातच मान पुरेसा आला.

"तिने तक्रार केली का?" हा प्रश्न येणारच, असे धरून चाला. त्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला खरेपणाने "नाही" असे देता आले पाहिजे, म्हणूनच या संभाषणाआधी त्या मुलीला फोन करून तिची संमती किंवा तिचे गाऱ्हाणे गोळा करू नका. ती नवी आहे. दादांच्या मनात तिच्याविषयी अढी बसली, तर पुढच्या सोमवारी ती तोंडच उघडणार नाही आणि मग कॉल अगदी वेळेवर संपू लागेल. त्याच कारणाने "सगळ्यांनाच असे वाटते" हे वाक्यही वर्ज्य समजा. ते उच्चारताच दादा तुमच्याशी बोलायचे सोडून त्या सगळ्यांत कोण कोण आहे हे शोधू लागतील.

"म्हणजे मी सगळ्यांना तोडतो?" या प्रश्नापाशी बहुतेकांचे संभाषण घसरते. घाबरून "नाही, नाही, तसे अजिबात नाही" म्हटलेत, तर मागणे परत घेतल्यासारखे होते. चिडून "हो, नेहमीच" म्हटलेत, तर ते एखादा असा सोमवार आठवून दाखवतील, ज्या दिवशी ते गप्प होते. म्हणून उत्तर पुन्हा त्या एका वाक्याकडे नेले आहे. त्यानंतर दादा थांबतील. ती शांतता अवघड वाटेल आणि ती भरून काढण्यासाठी तुम्हाला काहीतरी गोड बोलावेसे वाटेल, पण ज्या गोष्टीची विनंती तुम्ही करायला गेला आहात, ती तिथे स्वतः पाळा आणि त्यांना त्यांचे वाक्य शोधू द्या.

मागणे दोनच कृतींचे ठेवले आहे. "मध्ये बोलू नका" हे ऐकायला सोपे वाटते, पण सवयीने मध्ये बोलणाऱ्याला आपण मध्ये बोलतो आहोत हे त्या क्षणी कळतच नसते, त्यामुळे न करण्याची गोष्ट त्याला पाळता येत नाही. मनात "एक, दोन" म्हणणे त्याला पाळता येते, आणि वरच्या हिशेबात ते घालून पाहिले तर फरकही दिसतो: दादा आणखी सेकंदभर थांबले असते, तर मुलीचा "नाहीत" त्यांना १.० ला ऐकू आला असता आणि त्यांनी तोंडच उघडले नसते. दुसरी कृती, म्हणजे डेपोचे नाव घेऊन बोलणे परत देणे, ही पहिली चुकली तर उपयोगी पडते. नाव घेणे आवश्यक आहे. नुसते "हां, बोला" म्हटले, तर चार डेपोंपैकी दोन एकदम बोलू लागतात.

फोनवर नाव पाठवण्याची खूण ठरली, तर ती कॉलच्या चॅटमधून पाठवू नका. घाईत एकाऐवजी सर्वांना संदेश गेला, तर ज्या गोष्टीसाठी तुम्ही एकांतात बोललात ती चार डेपोंपुढे मांडली जाईल. दादा त्या वेळी फोनकडे पाहत नसतील, तर तुम्हीच बोला, पण दादांना उद्देशून न बोलता डेपोला उद्देशून बोला: "नागपूर, बॅच पाठवायच्या आहेत की नाहीत? तुझं ऐकायचं राहिलं." दादांना टोकल्यासारखे न होता वाक्य पुरे करून घेता येते, आणि हे वाक्य तुम्हाला दादांशी बोलणे व्हायच्या आधीच्या सोमवारीही वापरता येईल. खरे तर गेल्या सोमवारी कॉलवरच्या कोणालाही ते वापरता आले असते.

वेळेविषयी दादा जे म्हणतील ते बहाणा समजून बाजूला टाकू नका. अर्धा तास चार डेपोंत वाटला, तर प्रत्येकाला साडेसात मिनिटे येतात, त्यांतली पहिली दोन-तीन मिनिटे एरवी "आवाज येतो आहे का?" यात जात असतील, तर घाई करणारा माणूस तिथे कोणीतरी होणारच, आणि तुमच्याकडे तो दादांच्या रूपाने झाला आहे. साहेबांकडे जाल तेव्हा दादांचे नाव न घेता एवढेच सुचवा, की प्रत्येक डेपोने आपले म्हणणे चार मिनिटांत सलग मांडावे, प्रश्न त्यानंतर विचारावेत, आणि "पाठवा" किंवा "थांबवा" असा निर्णय झाला की संबंधित डेपोने तो स्वतःच्या तोंडाने पूर्ण वाक्यात उच्चारावा. औषधांच्या मुदतीचा प्रश्न असलेल्या कामात ही शेवटची पद्धत दादांच्या सवयीशिवायही असायला हवी होती. नागपूरच्या मुलीने "सिरपच्या दोन बॅच थांबवल्या आहेत" असे म्हटल्याखेरीज पुढच्या डेपोकडे जायचेच नाही, असे ठरले, तर गोदामवाले चुकीच्या अर्ध्या वाक्यावर माल काढणार नाहीत.

फरक पडला का, हे पाहण्यासाठी दादांकडे नव्हे, डेपोंकडे लक्ष द्या. दादा पहिल्या सोमवारी एक-दोनदा तरी चुकतील. त्यांनी "पुरं कर" म्हटले, तर चूक मोजू नका. डेपोची माणसे एका दमात घाईघाईने बोलायची थांबली, मध्ये श्वास घेऊ लागली, आणि जी गोष्ट पूर्वी शुक्रवारी कळायची ती सोमवारीच कॉलवर येऊ लागली, तर बदल झाला आहे. काहीच हलले नाही, तर दोन-तीन सोमवारांनी पुन्हा एकदा, तितकेच थोडके बोला आणि त्या वेळी नवे उदाहरण द्या. सिरपचे उदाहरण पुन्हा काढलेत, तर ते जुने उकरल्यासारखे वाटेल.

एका परिस्थितीत मात्र माझा सल्ला वेगळा आहे. तुमच्या टिपणांत असे दिसले, की दादा साहेबांचे किंवा आपल्या बरोबरीच्या पुरुष सहकाऱ्यांचे वाक्य नीट पुरे होऊ देतात आणि फक्त मुलींचे किंवा नव्या माणसांचे तोडतात, तर त्यांना थांबता येते हे सिद्धच झाले आणि उशिरा पोचणाऱ्या आवाजाचा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही. तशा वेळी पहिले बोलणे झाल्यावर दुसऱ्यांदा एकटीने प्रयत्न करू नका. साहेबांकडे जा, आणि जाताना "दादा फार बोलतात" असे न सांगता तारीख, कोणाचे वाक्य, ते कोणत्या शब्दावर तुटले आणि त्याचा कामावर काय परिणाम झाला, एवढे चार-पाच ओळींत लिहिलेले घेऊन जा. त्याआधी दादांना स्वतः सांगा, की मी हे आता साहेबांपुढे मांडणार आहे.